मुलांच्या तापाला आमच्याकडे अ‍ॅस्पिरिन का मिळत नाही
(आमच्या लालबागच्या औषध दुकानाच्या ग्राहकांसाठी)

पावसाळा लागला की रोज दोन-तीन जण विचारतात, "घरात डोकेदुखीची विरघळणारी गोळी आहे, ताप आलेल्या पोराला अर्धी देऊ का?" आम्ही नाही म्हणतो. काहींना वाटतं, दुसरं औषध खपवायचं असेल. म्हणून कारण लिहून ठेवतो.

गोळीच्या नावावर जाऊ नका, पाकिटामागचा घटक वाचा. तिथे अ‍ॅस्पिरिन किंवा अ‍ॅसिटाइल सॅलिसिलिक अ‍ॅसिड लिहिलं असेल, तर ती गोळी सोळा वर्षांखालच्या मुलाला तापात, फ्लूत किंवा कांजिण्यांत द्यायची नाही. आजोबांची हृदयाची 75 ची गोळीही त्यातलीच. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. पट्टीतून दोनच गोळ्या कापून आणलेल्या असतात, घटकाचा भाग घरी राहिलेला असतो आणि आमचा अर्धा तास ओळख पटवण्यात जातो. पट्टी अख्खी आणा.

धोक्याचं नाव रे सिंड्रोम. सिडनीच्या डॉ. डग्लस रे यांनी 1963 साली त्याचं वर्णन केलं. पुढे अमेरिकेतल्या अभ्यासांत दिसलं की फ्लू किंवा कांजिण्यांत अ‍ॅस्पिरिन घेतलेल्या मुलांमध्ये तो जास्त आढळतो. 1986 मध्ये तिथे अ‍ॅस्पिरिनच्या पाकिटांवर इशारा छापणं सक्तीचं झालं आणि हा आजार जवळपास दिसेनासा झाला. बहुतेक मुलांना अ‍ॅस्पिरिन देऊनही काही होत नाही, हे खरं आहे. "आम्ही लहानपणी घेतलीच की" असं आजी म्हणतात, त्याही खोटं बोलत नाहीत. पण ज्याला होतो, त्याच्या यकृताच्या पेशींमधली ऊर्जा तयार करणारी यंत्रणा बिघडते, रक्तात अमोनिया साठतो, मेंदूला सूज येते. त्यात जीव जाऊ शकतो. तापासाठी पॅरासिटामॉल हाताशी असताना ही जोखीम कशाला घ्यायची?

ओळखायचं कसं? समजा, सात वर्षांच्या मुलाला कांजिण्या आल्या. चौथ्या दिवशी ताप उतरला, फोड सुकायला लागले, घरचे निश्चिंत झाले. पाचव्या दिवशी उलट्या सुरू झाल्या आणि थांबेचनात. संध्याकाळी मूल गळून पडलं, मग चिडचिड, असंबद्ध बोलणं. डोळे पिवळे होत नाहीत, त्यामुळे यकृताचा संशयच येत नाही आणि "पित्त झालं असेल" म्हणून उलटीचं औषध मागायला लोक आमच्याकडे येतात. आजार बरा होत आलेला असताना सुरू झालेल्या अशा उलट्या आणि ग्लानी दिसली, तर दुकानात येऊ नका, थेट इस्पितळाच्या तातडीच्या विभागात जा आणि अ‍ॅस्पिरिन दिली असेल तर ते आधी सांगा, पट्टीसकट. एखादी गोळी चुकून दिली गेली असेल, तर घाबरू नका. पुढची देऊ नका, डॉक्टरांना कळवा आणि लक्ष ठेवा.

मुंबईत आणखी एक कारण आहे, डेंग्यू. त्यात प्लेटलेट घटतात आणि अ‍ॅस्पिरिन रक्तस्रावाचा धोका वाढवते. आयबुप्रोफेनही त्याच कारणाने डेंग्यूची शंका मिटेपर्यंत नको.

तरीही काही मुलांना डॉक्टर स्वतः अ‍ॅस्पिरिन लिहून देतात: कावासाकी आजारात, हृदयाच्या काही शस्त्रक्रियांनंतर आणि कधी कधी संधिवाताच्या तापात. कावासाकीत हृदयाच्या रक्तवाहिन्या फुगू शकतात, त्यांत गुठळी होऊ नये म्हणून ताप उतरल्यावर ती रोज अगदी थोडी, वजनाच्या किलोमागे 3 ते 5 मिलिग्रॅम देतात, बहुधा सहा ते आठ आठवडे. हे पत्रक वाचून ती बंद करू नका! उलट अशा मुलाजवळ कुणाला फ्लू किंवा कांजिण्या झाल्या, तर त्याच दिवशी हृदयतज्ज्ञांना फोन करा. काय बदलायचं ते तेच ठरवतील. फ्लूची लस आणि कांजिण्यांची लस यांबद्दलही त्यांनाच विचारा, कारण कांजिण्यांच्या लशीनंतर काही आठवडे अ‍ॅस्पिरिन टाळायची असते.

अशी चिठ्ठी आली की आम्ही डॉक्टरांना फोन करून खात्री करतो. त्यात दहा मिनिटं जातात, लोक वैतागतात, पण हे आम्ही सोडणार नाही. मागे एका बारा किलोच्या बाळाला 75 ची अर्धी गोळी लिहिली होती, म्हणजे 37.5 मिलिग्रॅम, डोस बरोबर. पण घरात होती ती पोटात उशिरा विरघळण्यासाठी आवरण दिलेली, जी मोडायची नसते. डॉक्टरांना विचारून आम्ही साधी, अर्धी करता येणारी गोळी मागवून दिली.

साध्या तापाला पॅरासिटामॉलचं सिरप घ्यायला येताना मुलाचं वजन सांगा. दर 5 मिलीत 120 मिलिग्रॅम औषध असलेल्या बाटल्याही असतात आणि 250 मिलिग्रॅमच्याही, चमचा तोच दिसला तरी औषध दुप्पट होतं. बाटलीवर मिली लिहून देतो आणि मापाची पिचकारी सोबत देतो, तिचे पैसे घेत नाही.