अनिदानित दीर्घकाळ ताप

तीन आठवडे उलटून गेले, नेहमीच्या तपासण्या झाल्या आणि तरीही कारण हाती लागले नाही, अशा तापाला अनिदानित ताप म्हणतात. डॉक्टरांच्या बोलण्यात त्याला ‘पीयूओ’ हे नाव रूढ आहे. हा स्वतंत्र रोग नाही. शंभराहून अधिक रोग या एकाच दारातून आत येतात, आणि त्यांतले बरेचसे नेहमीचेच असतात. फक्त त्यांचे रूप नेहमीचे नसते.

काटेकोर व्याख्या पीटर्सडॉर्फ आणि बीसन या अमेरिकन डॉक्टरांनी 1961 साली दिली: ताप तीन आठवड्यांहून अधिक काळ, अनेकदा 38.3 अंश सेल्सिअसच्या (101 अंश फॅरनहाइट) वर, आणि रुग्णालयात आठवडाभर तपासूनही निदान नाही. त्यांनी अभ्यासलेल्या 100 रुग्णांपैकी एक तृतीयांशाहून थोड्या अधिक जणांना कुठला तरी संसर्ग निघाला. बाकीच्यांत कर्करोग आणि दाहजन्य विकार हे मोठे गट होते. पुढे 1991 मध्ये ड्युरॅक आणि स्ट्रीट यांनी रुग्णालयात तीन दिवस किंवा बाह्यरुग्ण विभागातल्या तीन भेटी एवढी तपासणी पुरेशी मानली. रुग्णालयात दाखल असताना सुरू झालेला ताप, पांढऱ्या पेशी फार घटलेल्या रुग्णाचा ताप आणि एचआयव्हीबाधिताचा ताप हे त्यांनी वेगळे काढले, कारण त्यांची संभाव्य कारणे वेगळी असतात.

तीन आठवड्यांची अट उगीच घातलेली नाही. साधे विषाणूजन्य ताप बहुधा आठवड्याभरात ओसरतात. ग्रंथी सुजवणारा एपस्टाइन-बार विषाणूचा ताप दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतो. उपचार न केलेला विषमज्वर तीन-चार आठवडे चालतो, आणि योग्य औषध सुरू झाल्यावरही तो उतरायला चार-पाच दिवस लागतात. तिसऱ्या दिवशी ताप दिसला म्हणून औषध बदलणे ही नेहमीची चूक आहे. त्यामुळे दुसऱ्या आठवड्यात डॉक्टर दुर्मीळ रोगांच्या मागे धावत नाहीत. राहण्याच्या किंवा प्रवासाच्या भागात कोणते ताप आढळतात, मलेरियासाठी रक्ताची काचपट्टी एकाहून अधिक वेळा पाहिली का, क्षयाचा विचार झाला का, हे आधी विचारतात.

ताप चढतो कसा : मेंदूतील हायपोथॅलॅमस शरीराचे तापमान एका ठरलेल्या पातळीवर राखतो. जंतू दिसला की प्रतिकारपेशी इंटरल्यूकिन-1, इंटरल्यूकिन-6 यांसारखी प्रथिने सोडतात. त्यांच्यामुळे मेंदूत प्रोस्टाग्लँडिन तयार होऊन ती पातळी वर सरकते. शरीराला अचानक थंडी वाजते, हुडहुडी भरते आणि तापमान नव्या पातळीपर्यंत चढते. पॅरासिटामॉल प्रोस्टाग्लँडिनलाच आवर घालते, म्हणून ताप कोणत्याही कारणाचा असो, गोळीने तो उतरतो. निदानाची खरी अडचणही इथेच आहे. हीच प्रथिने जंतूंमुळे सुटतात, प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ऊतींवर उलटली तर सुटतात, आणि काही कर्करोगाच्या पेशी ती स्वतःच बनवतात. ईएसआर आणि सीआरपी या दाह मोजणाऱ्या रक्तचाचण्यांचे आकडे वाढले की आग लागली आहे एवढेच कळते. कुणी लावली ते कळत नाही.

एक उदाहरण : पुढील रुग्ण काल्पनिक आहे, पण असे रुग्ण प्रत्यक्षात वारंवार दिसतात. 46 वर्षांच्या एका माणसाला रोज संध्याकाळी 101 पर्यंत ताप येऊ लागला. सहाव्या दिवशी प्रतिजैविक सुरू झाले आणि तिसऱ्या गोळीपासून ताप उतरला. पाच दिवसांचा कोर्स संपला, आणि चार दिवसांनी ताप परत आला. दुसरे प्रतिजैविक दिले, पुन्हा तेच. तिसऱ्या आठवड्यापर्यंत वजन चार किलोंनी घटले होते, हिमोग्लोबिन 10.2 वर आले होते, सांधे दुखत होते, ईएसआर 92 आणि सीआरपी 64 होते. गोळ्या चालू असताना केलेल्या एकमेव रक्तकल्चरमध्ये जंतू वाढला नाही. संधिवातात आढळणारा रूमॅटॉइड फॅक्टर मात्र पॉझिटिव्ह आला. संसर्ग नाही, सांधे दुखतात, फॅक्टर पॉझिटिव्ह, म्हणजे दाहजन्य विकार, तेव्हा स्टिरॉइड द्यावे, असे अनुमान निघाले.

अनुमान सुबक होते, पण त्याचा पायाच कच्चा होता. प्रतिजैविक चालू असताना घेतलेल्या रक्तात जंतू न वाढणे म्हणजे जंतू नसणे नव्हे. औषधाने ताप उतरतो आणि थांबवताच परततो, ही चाल तर उलट सांगत होती: औषध कुणाला तरी दाबत होते, मारत नव्हते. रूमॅटॉइड फॅक्टरही एकट्या संधिवाताची खूण नाही. रक्तात महिनोन्महिने जंतू फिरत राहिले की प्रतिकारशक्ती सतत चेतवली जाते आणि तो तसाही वाढतो. शिवाय सांधे दुखत होते, पण एकही सुजलेला नव्हता.

मग रुग्णाला पुन्हा पहिल्यापासून विचारले आणि तपासले. दोन महिन्यांपूर्वी दाताची शस्त्रक्रिया झाली होती. त्याला ती तापाशी जोडावी असे वाटले नव्हते, म्हणून सांगितली नव्हती. पाणथरी वाढून तिचे टोक हाताला लागत होते. हृदयाच्या टोकाशी मंद मर्मर ऐकू येत होती. लघवीत सूक्ष्मदर्शकाच्या दर क्षेत्रात 15 ते 20 तांबड्या पेशी होत्या. हे सगळे धागे एकाच जागी येत होते: हृदयाच्या झडपेवर जंतूंचे घर, म्हणजे अंतर्हृदयशोथ. लघवीतले रक्त हे मूत्रपिंडात अडकणाऱ्या प्रतिकार-संयुगांचे लक्षण होते.

रुग्णाचा रक्तदाब आणि शुद्ध ठीक होती, म्हणून प्रतिजैविक थांबवून तीन दिवस वाट पाहिली. हे धाडस प्रत्येक रुग्णावर करता येत नाही. रक्तदाब घसरत असेल, भ्रम होत असेल किंवा न्यूट्रोफिल पेशी फार कमी असतील, तर रक्त घेऊन लगेच औषध सुरू करावे लागते. नंतर वेगवेगळ्या शिरांतून, वेळेचे अंतर ठेवून, तीन संच रक्त घेतले आणि दर बाटलीत आठ ते दहा मिलिलिटर भरले. हे प्रमाण महत्त्वाचे, कारण रेंगाळणाऱ्या संसर्गात एक मिलिलिटर रक्तात मोजकेच जंतू असतात. दोन मिलिलिटर रक्त म्हणजे जवळपास वाया घालवलेली तपासणी. अशी अर्धवट भरलेली बाटली दिसली की निदान तिथेच लांबले, हे बहुधा खरे ठरते.

छातीवरून केलेल्या इकोमध्ये झडपेची हलकी गळती दिसली, जंतूंचा गोळा मात्र नाही. छातीवरून केलेला इको असे बरेच गोळे चुकवतो. अन्ननलिकेतून केलेल्या इकोमध्ये मायट्रल झडपेवर आठ मिलिमीटरचा गोळा स्पष्ट दिसला. तीसेक तासांनी तिन्ही संचांत तोंडात राहणारा स्ट्रेप्टोकॉकस वाढला. शिरेतून रोज सेफ्ट्रिॲक्सोन, चार आठवडे. पहिल्याच आठवड्यात ताप गेला, सीआरपी उतरत गेला आणि काही महिन्यांनी रूमॅटॉइड फॅक्टरही निगेटिव्ह झाला. स्टिरॉइड दिले असते तर ताप काही दिवस सुरेख उतरला असता आणि त्याआड झडप कुरतडली गेली असती.

दाहजन्य कारणे : संसर्गाची शक्यता नीट पडताळल्यावर दाहाचा विचार जोर धरतो, आणि इथे नोंदी ठेवण्याचे मोल कळते. प्रौढांतील स्टिल विकारात ताप दिवसातून एकदा, बहुतेकदा संध्याकाळी, 39 अंशांच्या वर चढतो आणि मधल्या वेळात अगदी सामान्य होतो. घसा दुखतो, सांधे दुखतात आणि गुलाबी पुरळ उठते. ते ताप असेपर्यंतच दिसते. सकाळच्या फेरीत त्वचा स्वच्छ आढळते आणि पुरळाची नोंदच होत नाही. म्हणून ताप चढलेला असतानाच अंग उघडे करून पाहावे लागते. घरच्यांनी मोबाइलवर काढलेला फोटोही पुष्कळदा कामी येतो. या विकारात रक्तातले फेरिटिन हे प्रथिन हजारांत जाते, पण ते यकृताचे आजार आणि मोठे संसर्ग यांतही वाढते. फेरिटिन संशय वाढवते, निर्णय देत नाही.

निदानाआधी स्टिरॉइड न देण्याच्या नियमाला एक ठळक अपवाद आहे. पन्नाशीपुढच्या रुग्णाला ताप, नवी डोकेदुखी, केस विंचरताना दुखणारी टाळू आणि चावताना थकणारा जबडा असेल, तर मोठ्या रक्तवाहिन्यांच्या दाहाचा, विशेषतः महाकोशिका धमनीशोथाचा, संशय येतो. तो दृष्टी कायमची घालवू शकतो. म्हणून संशय पक्का असला की स्टिरॉइड त्याच दिवशी सुरू करतात आणि धमनीचा तुकडा तपासायला नंतर घेतात. स्टिरॉइड सुरू झाल्यावरही एक-दोन आठवडे त्यात खुणा सापडतात.

उरलेली कारणे : यांत लसीकाग्रंथींचा कर्करोग आघाडीवर येतो. रात्री घामाने भिजणे, वजन घटणे, काखेत किंवा मानेत न दुखणारी गाठ या खुणा असतील तर गाठीचा पूर्ण तुकडा तपासायला हवा. नुसत्या सुईने काढलेल्या पेशी पुष्कळदा अपुऱ्या पडतात. कर्करोग आणि क्षय यांची लक्षणे सारखी असू शकतात. म्हणून केवळ अंदाजाने क्षयाची औषधे सुरू करण्याआधी ऊतक मिळवावे, असा आग्रह धरला जातो.

औषधी ताप हे विसरले जाणारे कारण. बहुधा नवे औषध सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांनी तो येतो, रुग्ण तापाच्या मानाने ताजातवाना दिसतो, आणि औषध थांबवल्यावर दोन-तीन दिवसांत तो जातो. थर्मामीटरशी खेळून दाखवलेला तापही असतो. तापमान एक अंश फॅरनहाइट वाढले की नाडीचे ठोके साधारण दहाने वाढतात. थर्मामीटर 104 दाखवतो आणि नाडी 76 च राहते, तेव्हा परिचारिकेसमोर पुन्हा मोजावे. मात्र घाई नको, कारण विषमज्वरातही नाडी तापाच्या मानाने मंद राहते.

एवढे करूनही काही तापांचे कारण कळत नाही. पेट-सीटी स्कॅनमुळे लपलेला गळू, रक्तवाहिनीचा दाह किंवा गाठ नेमकी कुठे आहे आणि तुकडा कुठून घ्यावा, हे आता अधिक वेळा दाखवता येते. तरी एक वाटा उरतोच. अशा रुग्णांत वजन टिकून असेल आणि अवयव नीट चालत असतील, तर ताप अनेकदा आपोआप जातो. तोवर दोन-चार आठवड्यांनी भेट, प्रत्येक भेटीत मान, काख, पोट, त्वचा आणि हृदय नव्याने तपासणे, आणि लक्षण बदलले तरच नवी तपासणी, एवढे करतात.