फिरत्या ग्रंथालयाचे अंदाजपत्रक : पेटीपासून डिझेलपर्यंत

फिरत्या ग्रंथालयाची गाडी बंद पडते ती पुस्तके संपली म्हणून नव्हे. आधी तिच्या फेऱ्या कमी होतात, मग वाचक कमी होतात आणि शेवटी ‘प्रतिसाद नाही’ अशी नोंद होऊन गाडी शेडमध्ये जाते. या क्रमाचे मूळ बहुतेक वेळा अंदाजपत्रकात असते. ही सेवा कशी घडत गेली ते पाहिले, की अंदाजपत्रकात नेमके काय राहून जाते हेही दिसते.

आपल्याकडे या सेवेची सुरुवात गाडीने झाली नाही, पेटीने झाली. सयाजीराव गायकवाड यांनी अमेरिकेतून विल्यम बोर्डन या ग्रंथपालाला १९१० साली बडोद्यात आणले आणि संस्थानात फिरत्या पेट्यांची व्यवस्था उभी राहिली. साधारण १५ ते ३० पुस्तके मावतील अशी लाकडी पेटी गावाला जायची, काही महिने राहायची आणि परत यायची. वाहतुकीचा खर्च संस्थान भरत असे. हिशेबाच्या दृष्टीने ही पद्धत फार हलकी होती. रेल्वे होतीच, पेटीला चालक लागत नव्हता, आणि गावातला शिक्षक किंवा तलाठी फुकट देवघेव सांभाळत असे. एक मर्यादा मात्र मोठी होती. निवड दुसऱ्याने केलेली असायची, आणि त्या तीसांत आपल्या उपयोगाचे काही नसेल तर पुढची पेटी येईपर्यंत थांबणे भाग पडायचे.

पेटीची दुसरी अडचण अमेरिकेत मेरीलँडमधल्या हॅगर्सटाउनच्या ग्रंथपाल मेरी टिटकॉम्ब यांना आधी जाणवली होती. त्यांच्याही पेट्या खेड्यातल्या दुकानांत ठेवलेल्या असत, पण दूरच्या शेतावरचा माणूस दुकानापर्यंत येतोच असे नाही. म्हणून १९०५ साली त्यांनी दोन घोड्यांची गाडी बांधून घेतली. तिच्या बाहेरच्या बाजूंना फळ्या होत्या आणि आत पेट्या ठेवायला जागा होती. गाडी ग्रंथालयाचे रखवालदार जोशुआ थॉमस हाकत आणि पुस्तकेही तेच देत. म्हणजे एकाच पगारात चालक आणि ग्रंथालय सहायक. काळपट गाडी पाहून लोकांना ती प्रेत नेणारी वाटू लागली, तेव्हा चाके लाल रंगवून घ्यावी लागली. १९१० मध्ये रेल्वेच्या फाटकावर मालगाडीची धडक बसून ती मोडली. नवी गाडी घेण्यासाठी काहीही बाजूला ठेवलेले नव्हते. देणगी मिळून मोटारगाडी आली ती १९१२ मध्ये. मधल्या काळात गावे तशीच राहिली. आजच्या अंदाजपत्रकांतही घसाऱ्याची ओळ बहुधा नसते, आणि ती नसली की काय होते याचे इतके जुने उदाहरण समोर आहे.

भारतात १९३१ साली तंजावर भागातल्या मन्नारगुडीला बैलगाडीचे ग्रंथालय निघाले. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी पुढे अशा चाकांवरच्या ग्रंथालयाला ‘लायब्रशीन’ असा शब्दही घडवला. युनेस्कोच्या मदतीने १९५१ मध्ये उघडलेल्या दिल्ली पब्लिक लायब्ररीची मोटारगाडी १९५३ पासून फिरू लागली. इथून पुढे खर्चाचा स्वभाव पूर्ण बदलला. पेटीचा खर्च पेटीबरोबर संपत होता. मोटार उभी असली तरी पगार, विमा आणि कर चालूच राहतात.

मदतीची व्यवस्था मात्र खरेदीकडे झुकलेली राहिली. राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान १९७२ मध्ये स्थापन झाले आणि त्याच्या योजनांत फिरत्या सेवेसाठी साहाय्य आहे, पण अशा साहाय्याचा आणि देणगीदाराचाही ओढा वाहन, फळ्या, पुस्तके अशा एकदाच लागणाऱ्या वस्तूंकडे असतो. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्यानुसार सार्वजनिक ग्रंथालयांना परिरक्षण अनुदान मिळते. त्यासाठीचे अ, ब, क, ड वर्ग ग्रंथसंख्या, वृत्तपत्रे, नियतकालिके अशा गोष्टी पाहून ठरतात. गाडी वर्षात किती किलोमीटर चालली याने वर्ग बदलत नाही. शेजारच्या कर्नाटकात १९६५ च्या कायद्यानुसार ग्रंथालय उपकर आहे, तसा आपल्याकडे नाही. त्यामुळे डिझेल आणि चालक हे दोन खर्च वर्गणी, देणगी किंवा ग्रामपंचायतीच्या मर्जीवर येतात. नेमके इथे अंदाजपत्रक फसते.

एक तालुका धरून आकडे मांडू. खालचे दर गृहीत धरलेले आहेत, आपल्या भागाचे घालून हिशेब पुन्हा करावा.

गावे २०. गाडी प्रत्येक गावी पंधरा दिवसांनी, ठरलेल्या वारीच जाते. रोज दोन गावे धरली तर दहा दिवस लागतात. पंधरवड्यातले कामाचे दिवस बारा, म्हणजे दोन दिवस मोकळे राहतात, आणि ते मोकळेच ठेवायचे. एक पुस्तकबदल आणि गाडीच्या कामाचा, दुसरा चुकलेल्या गावाचा. बाराही दिवस भरणारे वेळापत्रक पहिल्या पंक्चरला मोडते, कारण चुकलेले गाव मग थेट महिन्यावर जाते. सण, अतिवृष्टी आणि पासिंग वजा जाता वर्षाचे २३० दिवस हाती येतात. रोजची फेरी ६० किलोमीटरची असेल तर वर्षाला १३,८०० किलोमीटर होतात.

भरलेली, वारंवार थांबणारी गाडी लिटरला आठच्या आसपास देते. कंपनीच्या पत्रकातला आकडा इथे धरू नये. १,७२५ लिटर डिझेल ९२ रुपयांनी १,५८,७०० रुपयांचे होते. चालक महिना १८,००० आणि सहायक १५,००० असे धरून दोघांचेही तेरा महिने मोजावेत. तेरावा महिना बोनससाठी आणि रजेत लागणाऱ्या बदली माणसासाठी आहे. त्याचे ४,२९,००० झाले. देखभाल आणि टायर किलोमीटरला चार रुपयांनी ५५,२००. विमा, कर, पासिंग मिळून ४५,०००. नवी पुस्तके १,००,०००, आणि बांधणी, कव्हर, स्टेशनरी ३०,०००. एकूण ८,१७,९०० रुपये. गाडी सोळा लाखांची आणि दहा वर्षे चालणारी धरली, तर दरवर्षी १,६०,००० घसारा निधीत वेगळे टाकायचे.

आता या आकड्यांतली खरी गोष्ट पाहा. वर्षाला ४६० गावभेटी होतात, घसारा सोडून एका भेटीला साधारण १,७७८ रुपये पडतात. एकूण खर्चात डिझेल पाचव्या हिश्शाहूनही थोडे कमी, पगार निम्म्याहून जास्त. पण पैसे कमी पडले की कार्यकारी मंडळ पगार थांबवू शकत नाही, विमा टाळू शकत नाही, म्हणून डिझेल कापते. फेऱ्या निम्म्या केल्या तर डिझेल आणि देखभाल मिळून फार तर १,०७,००० वाचतात. भेटी २३० उरतात आणि एका भेटीचा खर्च ३,०९१ रुपयांवर जातो. आठ लाखांतले एक लाख वाचवून निम्मी सेवा गेली, आणि अहवालात मात्र ‘इंधन बचत’ असे लिहिले जाते.

दुसरी चूक पुस्तकसंख्येत होते. गाडीत १,८०० पुस्तके बसतात म्हणून १,८००च घेतली जातात. गावात सरासरी ४५ सभासद आणि प्रत्येकाकडे दोन पुस्तके असतील, तर २० गावांत १,८०० पुस्तके एका वेळी बाहेरच असतात. गाडीत तेवढीच हवीत, आणि बदलण्यासाठी मुख्य ग्रंथालयात आणखी १,२०० हवीत. म्हणजे ४,८००. सवलत धरून सरासरी २०० रुपयांनी ९,६०,००० रुपये होतात. वरचे वार्षिक एक लाख हा फाटलेल्या आणि हरवलेल्या पुस्तकांच्या जागी नवीन घेण्याचा खर्च आहे, हा मूळ साठा नव्हे.

साठा अपुरा असल्याचे लक्षण लवकर दिसते. चांगली पुस्तके पहिल्या दोन-तीन गावांतच जातात आणि दहाव्या दिवशीच्या गावाला उरलेसुरले मिळते. ‘तीच ती पुस्तके आणता’ ही तक्रार नेहमी वेळापत्रकाच्या शेवटच्या गावांतून आधी येते. त्यावर दोन उपाय आहेत. फेरीची सुरुवात दर दोन महिन्यांनी उलट टोकाच्या गावापासून करावी, मात्र नवे वार आधी फलकावर लावावेत. आणि पुस्तकबदलाच्या दिवशी पुस्तकातल्या तारीखपत्रिकेवर नजर टाकून, सलग तीन फेऱ्यांत न हललेली दीडएकशे पुस्तके काढून साठ्यातली घालावीत. फळ्या पाचापैकी चार हिस्सेच भराव्यात, कारण परत आलेल्या पुस्तकांना जागा लागते. फळी मागे थोडी कललेली आणि पुढे पट्टी असलेली हवी, नाहीतर पहिल्या गतिरोधकावर पुस्तके खाली येतात. कोश, दिवाळी अंकांचे गठ्ठे अशी जड सामग्री खालच्या फळीवर आणि दोन्ही बाजूंना सारखी ठेवावी. एका बाजूचे टायर लवकर झिजत असतील तर भाराची वाटणी तपासावी.

वाहन निवडताना एक कायदेशीर बाब अंदाजपत्रकात उतरते. मोटार वाहन नियमांत ग्रंथालयाची गाडी वाहतूक वाहनांच्या यादीत येते. त्यामुळे आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी पासिंग करावे लागते. एकूण भारित वजन ७,५०० किलोच्या आत ठेवले तर हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालक चालतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तसा निर्णय दिला आणि २०२४ मध्ये तो कायम केला. १,८०० मराठी पुस्तकांचे वजन साधारण सहाशे किलोच्या घरात जाते, म्हणून त्याहून मोठ्या गाडीची गरजही नसते.

गावाचे वेळापत्रक नकाशावरून नव्हे, आठवडी बाजारांच्या यादीवरून आखावे. ज्या दिवशी गावाची माणसे शेजारच्या बाजाराला जातात त्या दिवशी तिथे गाडी नेऊ नये. सकाळचा थांबा शाळेत ११ ते १, दुपारचा पारापाशी किंवा ग्रामपंचायतीजवळ साडेतीन ते सहा. शेतावरच्या बायका चारनंतरच येतात, त्यामुळे दुपारी तीनला निघून जाणाऱ्या गाडीला त्या दिसतच नाहीत आणि मग ‘महिला वाचक नाहीत’ असा निष्कर्ष निघतो. मे महिन्यात शाळेचा थांबा गावात हलवावा. काळ्या मातीच्या रस्त्यावरची गावे जून ते सप्टेंबर पक्क्या सडकेपाशी, फाट्यावर भेटावीत.

शेवटी ठराव कसा लिहायचा. ‘इंधनासाठी रुपये १,५८,७०० मंजूर’ असे लिहिले, तर दर वाढताच फेऱ्या आपोआप कमी होतात. त्याऐवजी ‘२३० दिवस, १३,८०० किलोमीटर, ४६० गावभेटी, त्यासाठी लागेल तितके डिझेल’ असा ठराव करून पाच टक्के तरतूद दरवाढीसाठी वेगळी ठेवावी. टाकी प्रत्येक वेळी पूर्ण भरावी आणि लॉगबुकात किलोमीटर, लिटर आणि गाव यांची नोंद एकाच ओळीत करावी. सरासरी आठवरून साडेसहावर आली तर आधी हवेचा फिल्टर, चाकांतली हवा आणि धरून राहिलेले ब्रेक पाहावेत. ते ठीक असतील तर फेरीचे किलोमीटर गावागावातल्या अंतराशी ताडून पाहावेत.