धनदांडग्याच्या घरचं जेवण

देवगडजवळच्या एका वाडीची गोष्ट लिहायला घ्या. पहिलं वाक्य असं: ‘गणपतीला आलेल्या श्रीमंत चाकरमान्याने अख्ख्या वाडीला जेवायला बोलावलं.’ आता फक्त ‘श्रीमंत’ शब्द बदलत जा. ‘सुखवस्तू’ लिहिलंत तर जेवण म्हणजे निव्वळ पाहुणचार. ‘नवश्रीमंत’ लिहिलंत की त्याच पंगतीत मिरवणं दिसू लागतं, आणि वाचक चिऱ्याच्या जुन्या घरावर चढवलेला स्लॅब मनातच बघून घेतो. ‘धनदांडगा’ म्हटलं तर प्रश्न पडतो, याचा डोळा कुणाच्या कलमांच्या बागेवर आहे? जेवण तेच, पैसाही तेवढाच. बदललं ते निवेदकाचं मत, आणि तेही त्याने उघड न सांगता.

शब्दाचा हा कल मोजता येतो का? वासिलिस हात्झिवासिलोग्लू आणि कॅथलीन मॅकक्यून या संशोधकांनी १९९७ मध्ये एक साधी युक्ती वापरली. वॉल स्ट्रीट जर्नलच्या १९८७ सालच्या मजकुरात ‘आणि’ने जोडलेली आणि ‘पण’ने जोडलेली विशेषणं त्यांनी शोधली. ‘आणि’ बहुधा एका कलाचे शब्द जोडतो, ‘पण’ उलट कलाचे. एवढ्या धाग्यावरून संगणकाने विशेषणांचे बरे-वाईट असे दोन गट पाडले, आणि पुरेशा वेळा जोडून आलेल्या विशेषणांबाबत ते नव्वद टक्क्यांहून जास्त वेळा बरोबर निघाले.

आपल्या चाकरमान्याला हीच कसोटी लावू. ‘सुखवस्तू आणि मनमिळाऊ’ सहज जातं. ‘धनदांडगा आणि मनमिळाऊ’ म्हणताना जीभ अडते, तिथे ‘पण’ हवाच. ‘श्रीमंत’ मात्र दोन्हीकडे खपतो, म्हणून वर्तमानपत्रांना तो सोयीचा. ‘गर्भश्रीमंत’ इथे वेगळ्याच कारणाने बाद: गिरणीत राबून पैसा केलेल्याला तो लागतच नाही. त्या शब्दाला पिढीजात बागायत लागते.

इंग्रजीतही अशीच वाटणी आहे. ‘वेल-ऑफ’ आपल्या ‘खाऊनपिऊन सुखी’च्या जवळचा. ‘वेल्दी’ साठलेल्या मालमत्तेकडे बोट दाखवतो. ‘अ‍ॅफ्लुएंट’ वस्तीला किंवा समाजाला लावतात, त्याला अहवालाचा कोरडा वास येतो. ‘ऑप्युलंट’ बहुतेक महालांना आणि दिवाणखान्यांना लागतो. त्यात डोळे दिपणंही असतं आणि ‘जरा अतीच झालं’ हेही.

या कसोटीला एक गोष्ट कळत नाही, शब्द नेमका कुणाचा. ‘धनदांडग्याने बोलावलंय म्हणे, जायलाच हवं’ हे वाक्य अवतरणचिन्हांशिवाय आलं, तरी ते निवेदकाचं असेलच असं नाही. वाटणीवरून भांडलेल्या चुलतभावाचा तो शब्द असू शकतो. खूण ‘म्हणे’त आणि ‘जायलाच हवं’मध्ये आहे, कारण जायचं की नाही हा प्रश्न निवेदकाला पडलेलाच नसतो. त्यापुढच्याच परिच्छेदात निवेदक स्वतः त्याच माणसाला ‘सुखवस्तू’ म्हणाला, तर चुलतभावाच्या रागावर किती विसंबायचं हेही त्याने सांगून टाकलेलं असतं.