व्यवसायाच्या वाहनाची भाडेखरेदी

ठरावीक हप्ते भरत वाहन वापरायचे आणि शेवटचा हप्ता भरल्यावर त्याची मालकी मिळवायची, या व्यवहाराला भाडेखरेदी म्हणतात. तोपर्यंत मालकी भाडे-विक्रेत्याकडे राहते आणि खरेदीदाराला वापराचा हक्क व शेवटी विकत घेण्याचा पर्याय असतो. हप्ते पद्धतीच्या विक्रीत मालकी पहिल्याच दिवशी जाते, त्यामुळे ती निराळी. व्यवहारात शोरूमवाल्याला पूर्ण पैसे फायनान्स कंपनी देते आणि भाडे-विक्रेत्याच्या जागी तीच उभी राहते. भारतात यासाठी १९७२ साली खास कायदा झाला, पण तो अमलात कधीच आला नाही आणि २००५ मध्ये रद्द झाला. त्यामुळे आजही असे व्यवहार करार कायद्याच्या आणि कराराच्या कागदातील अटींच्या आधारे चालतात.

हिशेबाच्या दृष्टीने खरा प्रश्न हप्त्याच्या पोटात काय आहे हा असतो. प्रत्येक हप्त्यात गाडीच्या किमतीचा एक तुकडा आणि थकलेल्या रकमेवरचे व्याज असे दोन भाग असतात. पहिला भाग देणे फेडतो, दुसरा त्या वर्षाचा खर्च ठरतो. अख्खा हप्ता ‘गाडीभाडे’ म्हणून खर्चात टाकण्याची चूक छोट्या दुकानांच्या वह्यांत फार आढळते. तसे केले की गाडी ताळेबंदात येतच नाही आणि नफा उगाच कमी दिसतो.

एक उदाहरण घेऊ. एका बेकरीने पावाच्या वाटपासाठी १ एप्रिलला ८,००,००० रुपये रोख किमतीचा टेम्पो भाडेखरेदीने घेतला. डाउन पेमेंट १,३८,००० रुपये. उरलेल्या ६,६२,००० रुपयांवर १० टक्के व्याज, आणि दर ३१ मार्चला २,६६,२०० रुपयांचा एक असे तीन हप्ते. प्रत्यक्षात हप्ते बहुधा मासिक असतात, पण गणित तेच. इथे जीएसटी बाजूला ठेवला आहे. एकूण भरणा ९,३६,६०० रुपये होतो, म्हणजे रोख किमतीपेक्षा १,३६,६०० रुपये जास्त. हे जास्तीचे पैसे म्हणजे तीन वर्षांचे व्याज.

| वर्ष | व्याज | मुद्दल | वर्षअखेर देणे |
|---|---|---|---|
| १ | ६६,२०० | २,००,००० | ४,६२,००० |
| २ | ४६,२०० | २,२०,००० | २,४२,००० |
| ३ | २४,२०० | २,४२,००० | ० |

हप्ता तेवढाच राहतो, पण देणे घटत जाते म्हणून व्याज उतरते आणि मुद्दल वाढते. डाउन पेमेंटमध्ये व्याज नसते, कारण ते करारावर सही होतानाच दिलेले असते. रोख किंमत माहीत नसेल तर शेवटाकडून मागे यावे लागते. शेवटच्या हप्त्यात मुद्दल १०० असेल तर व्याज १० असते, म्हणून २,६६,२०० ला ११ ने भागले की २४,२०० रुपये व्याज मिळते. बाकी २,४२,००० रुपये मुद्दल. त्यात आधीचा हप्ता मिळवून पुन्हा ११ ने भागायचे, की दुसऱ्या वर्षाचे ४६,२०० हाती येतात. हे एकदा कागदावर स्वतः करून पाहिले की पद्धत विसरत नाही.

शोरूममध्ये मात्र दर बहुधा ‘फ्लॅट’ सांगतात. १,३६,६०० ला तीनने भागले तर वर्षाला सुमारे ४५,५३३ रुपये येतात आणि मूळ ६,६२,००० वर तो दर जेमतेम ६.९ टक्के दिसतो. व्याज तेच, पण घटत्या देण्यावर खरा दर १० टक्के. हेच समान भाग वहीत टाकले तर पहिल्या वर्षाचा खर्च सुमारे २०,६६७ रुपयांनी कमी पडतो आणि शेवटच्या वर्षावर २१,३३३ रुपये जादा बसतात. चूक ओळखायची तर फायनान्स कंपनीचे परतफेडीचे वेळापत्रक घ्यावे आणि विक्रेत्याच्या खात्याची ३१ मार्चची शिल्लक त्यातील बाकीशी ताडावी. पहिल्या वर्षाअखेर तिथे ४,६२,००० असायला हवेत. समान वाटणीत ४,४१,३३३ दिसतात.

रोजकीर्दीत पहिल्या दिवशी टेम्पो खाते ८,००,००० रुपयांनी नावे आणि भाडे-विक्रेता खाते तेवढ्याच रकमेने जमा होते. मग विक्रेता खाते नावे, बँक खाते जमा, १,३८,००० रुपये. वर्षअखेरीस व्याज खाते नावे आणि विक्रेता खाते जमा, ६६,२०० रुपये. त्यानंतर हप्ता देताना विक्रेता खाते नावे, बँक खाते जमा, २,६६,२०० रुपये. व्याज आधी विक्रेत्याच्या खात्यावर चढवायचे आणि मग हप्ता उतरवायचा, हा क्रम पाळला तर शिल्लक आपोआप जुळते. हप्त्याची तारीख ३१ मार्च नसेल तर तेवढ्या महिन्यांचे व्याज वर्षअखेरीस देय म्हणून दाखवावे लागते. गाडी १ जुलैला घेतली असती आणि पहिला हप्ता पुढच्या ३० जूनला असता, तर ३१ मार्चला नऊ महिन्यांचे ४९,६५० रुपये खर्चात आले असते.

घसारा पूर्ण रोख किमतीवर काढतात. भरलेल्या हप्त्यांवर नाही आणि ९,३६,६०० वरही नाही. गाडी बेकरीच्या मालकीची अजून नसली तरी झिजते ती बेकरीच्या कामातच. प्राप्तिकरातही भाडेखरेदीदाराला घसारा मिळतो. स्वतःचा माल वाहणाऱ्या गाडीला घटत्या शिलकेवर १५ टक्के, भाड्याने चालवायच्या मालवाहू गाडीला ३० टक्के. वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर असेल तर त्या वर्षी निम्मा दर. आपल्या बेकरीचा घसारा १,२०,०००, मग १,०२,००० आणि ८६,७०० रुपये येतो. तीन वर्षांनी वहीतली किंमत ४,९१,३०० रुपये उरते. घसारा खाते नावे, टेम्पो खाते जमा, एवढीच त्याची नोंद.

दुसरी एक रीत आहे. त्यात हप्त्यातील मुद्दल फिटेल तसे टेम्पो खाते वाढवतात. पहिल्या वर्षी १,३८,००० आणि २,००,००० मिळून ३,३८,०००, त्यातून घसारा तोच १,२०,०००, म्हणून २,१८,००० रुपये उरतात. पहिल्या रीतीत टेम्पो ६,८०,००० आणि देणे ४,६२,०००, फरक पुन्हा २,१८,०००. नफ्यावर दोन्हींचा परिणाम सारखाच. तरी मला पहिली रीत अधिक प्रामाणिक वाटते, कारण गाडीही पूर्ण दिसते आणि डोक्यावरचे देणेही.

हप्ता थकला तर करारानुसार गाडी ओढून नेली जाते. समजा, बेकरीने दुसरा हप्ता भरलाच नाही. देणे व्याजासह ५,०८,२०० रुपये, टेम्पोची वहीतली किंमत ५,७८,०००. विक्रेता खाते नावे टाकून टेम्पो खाते तेवढ्याने जमा केले की ६९,८०० रुपये उरतात. ते तोट्यात जातात.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५१ प्रमाणे भाडेखरेदीची नोंद आरसीवर असते आणि ती असेपर्यंत फायनान्स कंपनीच्या लेखी संमतीशिवाय गाडी दुसऱ्याच्या नावावर होत नाही. शेवटच्या हप्त्यानंतर ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ देऊन आरटीओत हा बोजा उतरवून घ्यावा लागतो. पुष्कळ जण ते राहू देतात आणि गाडी विकताना अडकतात. वहीत मात्र त्या दिवशी आरटीओची फी सोडली तर काहीच लिहायचे नसते, कारण टेम्पो पहिल्या दिवसापासूनच तिथे आहे.