26 गिगाहर्ट्झवर जास्त डेटा येतो कुठून?

"लहरी जास्त वेगाने थरथरतात, म्हणूनच 26 गिगाहर्ट्झसारख्या मिलिमीटर वेव्हवर डेटा जास्त मिळतो ना?"

नाही, तो मिळतो फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्याच्या रुंदीमुळे. 2022च्या 5G स्पेक्ट्रम लिलावात जिओने 700 मेगाहर्ट्झमध्ये जाण्या-येण्यासाठी 10-10 मेगाहर्ट्झ घेतले, 26 गिगाहर्ट्झमध्ये मात्र तब्बल 1000. खाली दाटीवाटी, वर जागाच जागा.

अंतराचं गणित वेगळं. 700ची लहर सुमारे 43 सेंटिमीटर लांब, 26ची जेमतेम साडेअकरा मिलिमीटर. लहरीच्या मापाचा इवलासा अँटेना मोकळ्या हवेतही सुमारे 1400 पट कमी ताकद टिपतो. टॉवरवर असे शेकडो अँटेना जोडून झोत केला की ही तूट बरीचशी भरून निघते. पण भिंत, झाड, अगदी फोन धरलेला हात आडवा आला की सिग्नल ढेपाळलाच! मोठी लहर कडांना वळसा घालून घरात शिरते.