मुक्त साहचर्य (गीतलेखन)

गीताची पहिली ओळ लिहिण्याआधी एकच शब्द समोर ठेवून त्यावरून मनात येईल ते अडवणूक न करता टिपत जाणे आणि त्यातून प्रतिमांचा साठा करणे, ही गीतलेखनाची एक पूर्वतयारी आहे. या टप्प्यावर यमक, मात्रा आणि चाल यांचा विचार करत नाहीत.

‘मुक्त साहचर्य’ ही संज्ञा मानसशास्त्रातली आहे आणि तिथले दोन जुने प्रयोग गीतकाराला थेट उपयोगी पडतात. फ्रान्सिस गाल्टन यांनी 1879 मध्ये 75 शब्दांची यादी करून एकेक शब्द पाहताच मनात काय येते ते स्वतःवरच चार वेळा तपासले. त्यांना दिसले की मनात तेच ते विचार पुन्हा पुन्हा येतात आणि त्यांतले बरेच लहानपणापासून साठलेले असतात. पुढे 1910 मध्ये केंट आणि रोझॅनॉफ यांनी 100 शब्द 1000 जणांना ऐकवले आणि प्रत्येकावरून सुचलेला पहिला शब्द विचारला. ‘टेबल’ म्हटल्यावर चौथ्या हिश्श्याहून अधिक लोकांनी ‘खुर्ची’ असे उत्तर दिले. पहिल्यांदा सुचते ते बहुतेक वेळा सगळ्यांनाच सुचते, आणि गुळगुळीत झालेल्या ओळी इथूनच येतात. म्हणून या तंत्राचा सगळा भर पहिली दहाबारा उत्तरे कागदावर सांडून मोकळे होण्यावर असतो.

बॉस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयात गीतलेखन शिकवणारे पॅट पॅटिसन यांनी याला रोजच्या रियाजाचे रूप दिले. सकाळी उठल्या उठल्या एक वस्तू घ्यायची, दहा मिनिटांचा गजर लावायचा, त्या वस्तूवरून इंद्रियांना जे जाणवते ते लिहीत जायचे आणि गजर वाजला की वाक्य अर्धे असले तरी थांबायचे. पाच इंद्रियांना त्यांनी आणखी दोन जोडली आहेत: शरीराच्या आतली जाणीव (छातीतली धडधड, पोटातला गोळा) आणि गतीची जाणीव (गरगरणे, तोल जाणे). लिहिताना डोळाच पुढे धावतो, म्हणून बाकीच्यांची मुद्दाम आठवण ठेवावी लागते.

‘कुलूप’ हा शब्द घेऊ. आधी किल्ली, दार, चोर, तिजोरी, मनाचे कुलूप ही नेहमीची मंडळी हजेरी लावतात. ती लिहून टाकायची. मग चोरावरून पोलीस, पोलिसावरून शिट्टी, शिट्टीवरून रेल्वे अशी साखळी भरकटू लागते. थोडे भरकटणे चांगलेच असते, पण तीनचार दुव्यांनंतर मूळ शब्दाकडे परतावे लागते, नाहीतर दहा मिनिटांत पन्नास शब्द होतात आणि चित्र एकही हाती लागत नाही. परतून पुन्हा कुलूप म्हटल्यावर बोटांना लागलेला पितळेचा वास येतो, कुलूप लावल्यावर दोनदा ओढून पाहणारा हात दिसतो, गंजू नये म्हणून घातलेले खोबरेल आठवते. मग कोकणातले बंद घर येते. मुंबईला परतताना किल्ली शेजारच्या काकूंकडे ठेवलेली असते आणि पाऊस आत जाऊ नये म्हणून कुलपाला प्लास्टिकची पिशवी बांधलेली असते. इथे पेन अडखळले तर ते चांगले लक्षण समजावे. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग अशाच शब्दचाचणीत उत्तराला लागणारा उशीर स्टॉपवॉचवर मोजत, कारण जिथे माणूस थबकतो तिथे खाली काहीतरी दडलेले असते.

यानंतर निवड करायची. ‘हे कोण कोणाला म्हणते आहे?’ हा प्रश्न टिपणाला विचारला की तिजोरी आणि रेल्वे आपोआप गळतात. मागे राहिलेली बाई गेलेल्या माणसाशी बोलते आहे असे ठरले, तर मुखडा असा होऊ शकतो:

किल्ली शेजारी ठेवून गेलास,
कुलपाला पिशवी बांधून गेलास

‘विरह’ हा शब्द कुठेही आलेला नाही. पिशवी कुलपासाठी बांधली, माणसासाठी काहीच केले नाही, एवढे ऐकणाऱ्याला कळते. खोबरेलाचा वास अंतऱ्यासाठी राखून ठेवता येतो. पिशवी आणि खोबरेल या दोन्ही प्रतिमा मुखड्यातच खर्चल्या तर अंतऱ्यात तीच गोष्ट वेगळ्या शब्दांत सांगण्याची वेळ येते.

तंत्र फसते ते बहुधा सुरुवातीच्या शब्दामुळे. ‘प्रेम’ किंवा ‘स्वातंत्र्य’ घेतले की भावनांचीच नावे येत राहतात. टिपण वाचताना हात लावता येईल, हुंगता येईल असे काही सापडत नसेल, तर शब्द बदलावा. दुसरी खोड यमकाची: ‘दार’ लिहिल्यावर लगेच ‘अंधार’ आणि ‘भार’ आले, तर प्रतिमेऐवजी कान लिहू लागला आहे असे ओळखावे.

चाल आधी बांधलेली असेल तेव्हा मात्र या साठ्याचा उपयोग मर्यादित असतो. तिथे शब्द मीटरमध्ये बसावे लागतात आणि ‘प्लास्टिकची पिशवी’ कितीही नेमकी असली तरी चार मात्रांच्या जागेत मावत नाही. अशा वेळी गीतकार प्रतिमा तीच ठेवून तिचे लहान नाव शोधतो, किंवा ती वहीत पुढच्या गाण्यासाठी ठेवून देतो.