‘कूस बदलली’ एवढ्यावर भागत नाही: शय्याव्रणाच्या नोंदतक्त्यामागची गोष्ट

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या वहीत सगळं एकाच ओळीत असतं: स्पंज दिला, खाल्लं नाही, चादर ओली, पाठ लाल, कूस बदलली. आजच्या तक्त्यात मात्र याचे दोन भाग होतात, एक धोक्याचे गुण मोजणारा आणि दुसरा कूस बदलण्याच्या वेळांचा. हे दोन भाग वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या कारणांनी आले.

आधीचा वाद होता तो पडून राहिलेल्या रुग्णाला ही जखम, म्हणजे शय्याव्रण, होतेच का, यावर. 1853 मध्ये शरीरक्रियाशास्त्रज्ञ ब्राउन-सेकार यांनी मज्जारज्जू कापलेल्या प्राण्यांवर दाखवलं की दाब आणि ओल टाळली तर व्रण होत नाही. 1859 मध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीही लिहिलं की शय्याव्रण झाला तर दोष बहुधा आजाराचा नसतो, शुश्रूषेचा असतो. पुढे फ्रेंच मज्जाविकारतज्ज्ञ शार्को यांनी मात्र तो मज्जासंस्थेच्या बिघाडाचा परिणाम ठरवला. डॉक्टरांमध्ये त्यांच्या शब्दाला वजन होतं. व्रण टळणारच नसेल, तर कूस कधी बदलली हे टिपायचं तरी कशाला?

वेळेची शिस्त आली ती दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. 1944 मध्ये इंग्लंडच्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात डॉक्टर लुडविग गुटमान यांनी मणक्याला इजा झालेल्या सैनिकांना रात्रंदिवस दर दोन तासांनी वळवण्याचा नियम घातला. तक्त्यातला दोन तासांचा रकाना या परंपरेतला आहे.

धोक्याचे गुण आले 1962 मध्ये. परिचारिका डोरीन नॉर्टन आणि सहकाऱ्यांनी वृद्ध रुग्णांच्या अभ्यासात पाच बाबींना गुण दिले. बेरीज 14 किंवा कमी आली तर धोका. 1987 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रेडन मापनात बाबी सहा झाल्या: दाबाची जाणीव, ओलावा, चालणं-फिरणं, अंथरुणातली हालचाल, आहार आणि घर्षण. पहिल्या पाचांना 1 ते 4, घर्षणाला 1 ते 3. इथेही कमी गुण म्हणजे जास्त धोका, आणि नवीन माणूस नेमका इथेच उलटं वाचतो.

आता वहीतला एक दिवस घेऊ.

सकाळी 6: स्पंज, चादर ओली, उजव्या कुशीवर ठेवलं.
9.30: बसवलं, नाश्ता अर्धाच.
12: खाली सरकले होते, दोघांनी वर ओढलं. चादर ओली. माकडहाडाशी लाल.
3: कूस बदलली.
रात्री 10: चादर ओली.

यातून ब्रेडनचे गुण काढता येतात. प्रत्येक पाळीत चादर बदलावी लागली, म्हणून ओलावा 2. दिवसातून एकदाच लागली असती तर 3. जेवण सहसा निम्मंच जात असेल तर आहार 2. खाली सरकतात आणि ओढून वर घ्यावं लागतं, म्हणून घर्षण 1. बसवलं तेही अंथरुणातच, उठत नाहीत, म्हणून चालणं-फिरणं 1. स्वतःहून जेमतेम हलतात, म्हणून अंथरुणातली हालचाल 2. बोललेलं कळतं, पण दुखतंय हे दर वेळी सांगता येत नाही, म्हणून दाबाची जाणीव 3. बेरीज 11. दहा ते बारा म्हणजे जास्त धोका.

कुशीचा भाग भरायला गेलं की वही अपुरी पडते. साडेनऊला बसवलं, पण परत आडवं कधी केलं? नोंद नाही. म्हणजे अडीच तासांपर्यंत भार माकडहाडावर असू शकतो, शिवाय खाली घसरताना कातडी चादरीला चिकटून आतलं हाड सरकतं आणि आतल्या रक्तवाहिन्या ताणल्या जातात. बाराचा लालपणा बहुधा त्याचाच. तीनची ‘कूस बदलली’ तर निरुपयोगी आहे: कुठून कुठे?

म्हणून ओळीत जुनी स्थिती, नवी स्थिती, पाहिलेली जागा आणि पुढची वेळ असावी. ‘12.00, बसलेले होते, डावीकडे 30 अंश, टाचा अधांतरी. माकडहाड लाल, दाबल्यावर पांढरं होत नाही. पुढची वेळ 2.00.’ बोटानं दाबून रंग जात नसेल तर तो पहिल्या टप्प्याचा व्रण. तिथे चोळायचं नाही, शक्य तोवर त्या बाजूवर भारही द्यायचा नाही. सावळ्या त्वचेवर लाली दिसतेच असं नाही, तेव्हा ऊब, घट्टपणा आणि दुखणं लिहावं. आणि रात्रीच्या वेळा 10, 12, 2, 4 अशा एका शाईत, एका दमात उतरलेल्या दिसल्या, तर त्या सकाळी भरलेल्या असण्याची शक्यता जास्त.

दोन तास हा आकडाही अढळ राहिला नाही. 2005 मध्ये शुश्रूषा-संशोधक डेफ्लोर यांच्या अभ्यासात दाब पसरवणाऱ्या फोमच्या गादीवर चार तासांनी वळवूनही, साध्या गादीवर दोन किंवा तीन तासांनी वळवण्यापेक्षा व्रण कमी झाले. त्यामुळे तक्त्याच्या माथ्यावर गादीचा प्रकार लिहिलेला नसेल, तर खालच्या वेळा पुरेशा होत्या की नाही हे कोणालाच सांगता येत नाही.